२.८६ चा हिशेब मांडण्यापूर्वी: वेतन आयोगातला पैसा नेमका कुठे जातो

प्रश्न: माझे वडील मंगळवेढा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहेत. मूळ वेतन ६८,०००, तीस वर्षं सेवा, येत्या जूनमध्ये निवृत्ती, पेन्शन जुन्या योजनेची. सगळे म्हणतात आठव्या आयोगात २.८६ लागणार, म्हणजे मूळ वेतन १,९४,४८०. हे खरं धरायचं का? आणि आयोगामुळे सरकारवर बोजा पडतो म्हणतात, तो नेमका येतो कुठून?

उत्तर:

धरू नका. गुणाकार बरोबर आहे, पण १,९४,४८० ची तुलना ६८,००० शी करणं चूक आहे, कारण वडिलांना आज नुसतं मूळ वेतन मिळत नाही. त्यावर महागाई भत्ता आहे. केंद्राचा १ जुलै २०२५ पासूनचा दर ५८ टक्के आहे. राज्य तोच दर काही महिन्यांनी लावतं, म्हणून हिशेबासाठी ५८ च घेऊ. ६८,००० वर ३९,४४० भत्ता, एकूण १,०७,४४०. नवा आयोग लागू होतो त्या तारखेला हा भत्ता मूळ वेतनात मुरवला जातो आणि पुन्हा शून्यापासून सुरू होतो. म्हणजे सरकारने एक रुपयाही जादा द्यायचा नाही असं ठरवलं, तरी गुणक १.५८ लावावाच लागतो. खरी वाढ १.५८ च्या वर जेवढं असेल तेवढीच.

सातव्या आयोगात हेच झालं होतं. तेव्हा गुणक २.५७ होता आणि लोकांनी पगार अडीचपट झाला अशी समजूत करून घेतली. सोलापूर शहरातल्या एका कनिष्ठ लिपिकाचं उदाहरण घ्या. १ जानेवारी २०१६ रोजी जुन्या श्रेणीत त्याचं बँडमधलं वेतन ८,४४० आणि ग्रेड पे १,९००, मिळून मूळ वेतन १०,३४०. त्यावर १२५ टक्के महागाई भत्ता १२,९२५. दोन्ही मिळून २३,२६५. आता १०,३४० गुणिले २.५७ म्हणजे २६,५७४. वेतन मॅट्रिक्सच्या, म्हणजे वेतनाच्या टप्प्यांच्या तक्त्याच्या, एस-६ स्तरात त्याच्या वरचा टप्पा २६,८०० चा, म्हणून त्याची वेतननिश्चिती तिथे झाली. २३,२६५ वरून २६,८०० म्हणजे सुमारे १५ टक्के वाढ. आयोगाने ठरवलेली वाढ १४ टक्क्यांच्या आसपास होती, उरलेला एक टक्का टप्प्यावर नेऊन बसवण्यातून आला. अडीचपट कुठेच नव्हती.

हीच रीत तुमच्या वडिलांना लावू. सातव्या आयोगाइतकीच खरी वाढ आठव्याने दिली तर गुणक १.८ च्या आसपास येतो: नवं मूळ वेतन १,२२,४००, म्हणजे आजच्या १,०७,४४० पेक्षा सुमारे १४ टक्के जास्त. गुणक २ झाला तर १,३६,०००, वाढ साडेसव्वीस टक्क्यांच्या पुढे. आणि २.८६ म्हणजे एका रात्रीत ८१ टक्के खरी वाढ. हा आकडा मागण्यांतून आणि अंदाजांतून फिरतो आहे, कुठल्याही आदेशात तो नाही. त्यावर विसंबून कोणी जुळे सोलापुरात प्लॉटचं टोकन देत असेल तर त्याला थांबवा.

आता महागाई भत्त्याबद्दल थोडं सविस्तर, कारण त्याशिवाय बोजाचं गणित कळत नाही. हा भत्ता कामगार ब्युरोच्या औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावरून ठरतो. देशातल्या ८८ केंद्रांतल्या किमती त्यासाठी घेतल्या जातात आणि त्यातलं एक केंद्र आपलं सोलापूर आहे, गिरण्यांच्या काळापासून. गिरण्यांचे भोंगे बंद झाले, पण सोलापुरातल्या बाजाराचे भाव आजही दिल्लीतल्या सचिवाच्या भत्त्यात आपला छोटा वाटा टाकतात. हिशेब असा, की मागच्या बारा महिन्यांच्या सरासरी निर्देशांकातून २६१.४२ वजा करायचे आणि बाकीला २६१.४२ नेच भागून टक्के काढायचे. २६१.४२ ही सातव्या आयोगाची आधार पातळी, म्हणजे २०१५ सालची सरासरी. निर्देशांकाची आताची मालिका २०१६ च्या पायाची आहे, म्हणून तिला आधी २.८८ ने गुणून जुन्या पायावर आणतात. उत्तरातला अपूर्णांक सोडून देतात. त्यामुळे ५८.१८ आले तरी हातात ५८ च पडतात.

एक गैरसमज इथेच दूर होतो. नवीन आयोगानंतर मूळ वेतन मोठं होतं, म्हणून त्यावरचा प्रत्येक महागाई हप्ता सरकारला जवळपास दुप्पट महाग पडतो, असं बरेच लोक म्हणतात. तसं नाही, कारण भागायची संख्याही मोठी होते. समजा निर्देशांक आठ अंकांनी वाढला. २६१.४२ च्या पायावर ही वाढ ३.०६ टक्के होते, म्हणजे ६८,००० वर साधारण २,०८०. पाया १.५८ पट, म्हणजे ४१३ च्या आसपास, आणला तर तीच वाढ १.९४ टक्के होते, म्हणजे १,२२,४०० वर साधारण २,३७५. फरक १४ टक्क्यांचा, म्हणजे खऱ्या वाढीइतकाच. महागाई भत्त्यातून आयोग स्वतंत्र असा नवा बोजा तयार करत नाही.

मग बोजा येतो कुठून? सातव्या आयोगाने नोव्हेंबर २०१५ च्या अहवालात केंद्रावरचा एका वर्षाचा जादा खर्च सुमारे १,०२,१०० कोटी रुपये धरला होता. त्यात वेतनावर ३९,१०० कोटी, भत्त्यांवर २९,३०० कोटी आणि निवृत्तिवेतनावर ३३,७०० कोटी. वेतनाचा खर्च १६ टक्के वाढणार होता, निवृत्तिवेतनाचा २४ आणि भत्त्यांचा ६३. चर्चा सगळी मूळ वेतनाच्या गुणकावर होते, आणि साठ टक्क्यांहून अधिक पैसा त्या गुणकाच्या मागे चालणाऱ्या दोन गोष्टींवर जातो.

भत्त्यांचं असं का होतं, ते घरभाड्यावरून दिसतं. महागाई भत्ता वाढला तरी घरभाडं मूळ वेतनावरच मोजलं जातं. दहा वर्षं भाडी वाढत राहतात आणि मूळ वेतन दरसालच्या तीन टक्के वेतनवाढीपुरतंच हलतं. आयोग आला की भत्ता मुरतो, मूळ वेतन फुगतं आणि घरभाडं एकदम उडी मारतं. वरच्या लिपिकाचंच पाहा. सहाव्या आयोगात सोलापूर शहराला २० टक्के घरभाडं होतं, १०,३४० वर २,०६८ रुपये. सातव्याने दर कमी करून १६ टक्के केला, तरी २६,८०० वर ते ४,२८८ झालं. दर उतरला आणि रक्कम दुपटीच्या वर गेली. वेतन आणि महागाई मिळून वाढ १५ टक्के होती, घरभाडं धरल्यावर ती जवळजवळ २३ टक्के झाली.

पुढे महागाई भत्ता २५ टक्के ओलांडल्यावर हा दर १८ आणि ५० टक्के ओलांडल्यावर २० झाला. घरभाड्यासाठी गावांचे वर्ग असतात, सोलापूर शहर वाय वर्गात येतं म्हणून हे दर. मंगळवेढ्यासारख्या झेड वर्गातल्या ठिकाणी ते ८, ९ आणि १०. वडिलांना आज १० टक्क्यांनी ६,८०० मिळतात. पुढच्या आयोगाने गुणक १.८ ठेवला आणि दर परत ८ वर आणला तरी १,२२,४०० वर ९,७९२ होतील. वेतन, महागाई आणि घरभाडं मिळून आजचे १,१४,२४० तेव्हा १,३२,१९२ होतील, म्हणजे पावणेसोळा टक्के. शहरातल्या शिक्षकाला याच गणिताने थोडं जास्त मिळेल.

सरकारला हे पुरतं माहीत असतं. म्हणूनच सुधारित भत्ते मागच्या तारखेने देत नाहीत. केंद्राने वेतन १ जानेवारी २०१६ पासून दिलं, पण नवे भत्ते १ जुलै २०१७ पासून. राज्यानेही वेतनाची थकबाकी दिली, घरभाड्याची दिली नाही. उशीर जितका जास्त, तितकी बचत मोठी, आणि तीही कुणाच्या फारशी लक्षात येत नाही.

निवृत्तिवेतन हा वेगळा प्रकार आहे, आणि तुमच्या घरचा प्रश्नही तोच आहे. जुन्या योजनेत निवृत्तिवेतन शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मं असतं. त्यासाठी सरकारने कुठे निधी साठवून ठेवलेला नसतो, चालू वर्षाच्या महसुलातूनच ते दिलं जातं. आयोग आला की नुसते नवे निवृत्त नव्हे, वीस वर्षांपूर्वी घरी गेलेले लोकही त्याच प्रमाणात वर नेले जातात. २०१६ पूर्वीच्या निवृत्तांचं मूळ निवृत्तिवेतनही २.५७ ने गुणलं गेलं होतं. नोकरीतल्या माणसांची संख्या सरकार भरती थांबवून कमी ठेवू शकतं, तसं ते ठेवतंही. निवृत्तांच्या बाबतीत असा कुठलाच उपाय हातात नसतो.

वडिलांचे आकडे काढू. ६८,००० वर मूळ निवृत्तिवेतन ३४,०००, त्यावर ५८ टक्के महागाई वाढ १९,७२०, एकूण ५३,७२०. गुणक १.८ लागला तर मूळ निवृत्तिवेतन ६१,२०० होईल, म्हणजे दरमहा साडेसात हजारांच्या आसपास फरक. उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, महागाईसकट मोजतात, म्हणून तिथे फार तफावत येत नाही: तीस वर्षांच्या सेवेला आजच्या हिशेबाने १६,११,६००, नव्याने १८,३६,०००. राज्यातली उपदानाची मर्यादा १ सप्टेंबर २०२४ पासून वीस लाख आहे, दोन्ही रकमा तिच्या आत बसतात.

मोठा फरक अंशराशीकरणात पडतो आणि त्याकडे बहुतेकांचं लक्ष नसतं. मूळ निवृत्तिवेतनाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात, पण ते मोजताना महागाई धरत नाहीत. त्यामुळे आयोगाच्या अगदी तोंडावर निवृत्त होणाऱ्याचा पाया सगळ्यात लहान असतो. ३४,००० चे ४० टक्के १३,६००, बारा महिन्यांचे १,६३,२००, अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्यासाठी मूल्यांक, म्हणजे वयावरून ठरलेला गुणक, ८.३७१, म्हणून रक्कम सुमारे १३ लाख ६६ हजार. ६१,२०० वर हीच रक्कम सुमारे २४ लाख ५९ हजार होते. जवळपास अकरा लाखांचा फरक, आणि तोही फुकट नव्हे, कारण विकलेला भाग पंधरा वर्षं दरमहा कापला जातो. पण सरकारच्या तिजोरीतून पैसा एकाच वर्षात जातो. आयोगानंतरच्या दोनतीन वर्षांत निवृत्तिवेतनाचा खर्च अंदाजपत्रकात अचानक वर चढलेला दिसतो, त्यामागे हा एकरकमी भाग बराच असतो. (महागाई वाढ मात्र कापलेल्या नव्हे, पूर्ण मूळ निवृत्तिवेतनावर मिळत राहते. अनेक निवृत्त मंडळी हे तपासत नाहीत.)

आता राज्याकडे येऊ. केंद्राचा आयोग राज्यावर कायद्याने बंधनकारक नाही. राज्य स्वतःची समिती नेमतं, सातव्यासाठी के. पी. बक्षी समिती होती, आणि मग थोड्या फेरफारांसह तेच स्वीकारतं. मंत्रिमंडळाचा निर्णय डिसेंबर २०१८ अखेरीस झाला, प्रत्यक्ष वेतन जानेवारी २०१९ पासून. अंमल १ जानेवारी २०१६ चा, त्यामुळे तीन वर्षांची थकबाकी साचली. सरकारने तेव्हा सांगितलेला बोजा ३८ हजार कोटींच्या पुढे होता. ही थकबाकी २०१९-२० पासून पाच हप्त्यांत द्यायची ठरली, आणि ज्यांचं भविष्य निर्वाह निधीचं खातं आहे त्यांच्या खात्यात ती जमा करायची. म्हणजे पैसा दिला असं झालं आणि राहिलाही सरकारकडेच. पण ते कर्जच आहे, सध्या ७.१ टक्के व्याजाचं, आणि कर्मचारी निवृत्त होतो तेव्हा ते एकदम परत करावं लागतं. कोविडच्या वर्षी तर दुसरा हप्ताही एक वर्ष पुढे गेला. लांबवल्याने बोजा घटतो असं माझं मत नाही. तो त्या वर्षाच्या तुटीतून उचलून पुढच्या सरकारच्या वर्षांत नेऊन ठेवला जातो.

महाराष्ट्राच्या महसुली जमेतला निम्म्याहून अधिक वाटा वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज या तीन बाबींत जातो. या तिन्ही बाबी टाळता येत नाहीत, म्हणून काटकसर करायची वेळ आली की ती रस्ते, पाणी आणि रिक्त पदं यांवर होते. शाळांत शिक्षक कमी आणि जे आहेत त्यांचा पगार चांगला, हे चित्र त्यातूनच तयार झालं. माझा आक्षेप पगाराच्या आकड्याला नाही. दहा वर्षं काहीच न करता दहाव्या वर्षी सगळं एकदम करायचं, या पद्धतीला आहे. घरभाडं आणि अंशराशीकरणाचा पाया दरवर्षी थोडा थोडा हलवला असता तर या उड्या बसल्या नसत्या.

जिल्हा परिषद शिक्षकांचं वेतन राज्याच्या अनुदानातून येतं, त्यामुळे वडिलांना परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नाची काळजी नाही. महापालिका आणि नगरपालिकांतल्या लोकांची गोष्ट निराळी. तिथे आस्थापना खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांत ठेवायचं बंधन आहे, आणि मालमत्ता कर वसूल होत नसेल तर आयोग कागदावर मंजूर होऊनही हातात यायला वर्षं लागतात.

आठव्या आयोगाची स्थिती अशी: न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई अध्यक्ष, कार्यकक्षा ऑक्टोबर २०२५ अखेरीस मंजूर, अहवालाला अठरा महिने. म्हणजे २०२७ चा मध्य. त्यानंतर केंद्राचा निर्णय, त्यानंतर राज्याची समिती. कार्यकक्षेत दोन मुद्दे मुद्दाम लिहिले आहेत. कर्मचाऱ्यांचं अंशदान नसलेल्या निवृत्तिवेतनाचा निधीविना खर्च लक्षात घ्यावा, आणि राज्यं सहसा या शिफारशी स्वीकारतात म्हणून त्यांच्या तिजोरीवरचा परिणामही पाहावा. हे वाचल्यावर २.८६ ची आशा आणखीच कमी होते.

वडील जूनमध्ये निवृत्त होतील ते सातव्या आयोगाच्या वेतनावरच. १ जानेवारी २०२६ ही तारीख दहा वर्षांच्या रूढीने धरली जाते. ती तशीच मान्य झाली तर त्यांचं वेतन मागच्या तारखेने पुन्हा निश्चित होईल आणि मूळ निवृत्तिवेतन वाढेल. उपदान आणि अंशराशीकरणाचा फरक मिळेल का आणि कसा, हे राज्याचा त्या वेळचा शासन निर्णय ठरवेल. म्हणून घरातला कुठलाही खर्च त्या फरकावर आखू नका.

त्याऐवजी आत्ता सेवापुस्तक हातात घ्या. त्यात २०१६ च्या वेतननिश्चितीचं पान काढा, त्या वेळी दिलेला विकल्प अर्ज लावलेला आहे का पाहा, आणि वेतन पडताळणी पथकाचा शिक्का आहे का पाहा. विकल्प म्हणजे नवीन वेतन १ जानेवारी २०१६ पासून घ्यायचं की पुढच्या वेतनवाढीच्या किंवा पदोन्नतीच्या तारखेपासून, ही निवड. वरिष्ठ वेतनश्रेणी २०१६ ते २०१८ च्या दरम्यान मिळाली असेल तर चूक बहुधा तिथेच सापडते. एक टप्पा जास्त बसवला गेलेला असतो आणि तो निवृत्तीच्या प्रकरणात उघडकीस येतो. मग दहा वर्षांची वसुली काढतात. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये पंजाब सरकार विरुद्ध रफिक मसीह या प्रकरणात वर्ग तीन आणि चारच्या कर्मचाऱ्यांकडून, तसंच वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून अशी वसुली करू नये असं सांगितलं आहे. मात्र वेतननिश्चितीच्या वेळी जादा रक्कम परत करायचं हमीपत्र दिलेलं असेल तर कार्यालयं तेच पुढे करतात. हमीपत्राची प्रत मिळवा. एक टप्पा कमी बसला असेल तर ती दुरुस्ती निवृत्तीपूर्वीच करून घ्या, कारण पुढच्या आयोगाचा गुणक लागेल तो याच मूळ वेतनाला, आणि आजची दोन हजारांची चूक तेव्हा साडेतीन हजारांच्या पुढे जाईल.